गाईड म्हणतात, "हे तर चौथ्या प्रकरणात वाचलं की!"

*"मॅडम, मी मराठीत पीएचडी करतेय, विषय समाजभाषाविज्ञानाचा. बेळगावच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात मराठी घरांतली माणसं कुठं मराठी बोलतात आणि कुठं कन्नड, हे ६० जणांना विचारून बघितलं. चौथं प्रकरण म्हणजे निष्कर्षांचं, टेबलांसकट झालंय. पाचवं 'चर्चा' म्हणून नऊ पानं लिहिली, तर गाईड म्हणाले, हे तर चौथ्या प्रकरणात वाचलं की, आणि उरलेलं दुसऱ्यात वाचलं. मी प्रत्येक टेबलाखाली आधीचे अभ्यास जोडलेत, मग अजून काय लिहायचं? सोबत चार पानं, टेबलं, मूळ शीट आणि फील्ड डायरी पाठवलीत. नाव छापू नका."*
— खानापूर तालुक्यातली एक संशोधक

(नाव, गाव काही छापत नाही. आकडेही थोडे इकडंतिकडं केलेत, म्हणजे कुणाला ओळख लागायला नको.)

अगं, तुझी चार पानं दोनदा वाचली. पहिल्यांदा चहा घेत वाचली, दुसऱ्यांदा दोन हायलायटर घेऊन. जे वाक्य उचलून चौथ्या प्रकरणात नेऊन ठेवलं तरी तिथं खपून जाईल त्याला पिवळा, आणि जे दुसऱ्या प्रकरणात म्हणजे पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात खपेल त्याला हिरवा. चार पानं संपली तेव्हा बिनरंगाची वाक्यं राहिली तीन. तीनच, आणि त्यातलं एक "पुढील संशोधनास वाव आहे" हे होतं, ते मी मोजतच नाही. तुझे गाईड जे बोलले त्याचा अर्थ एवढाच आहे, ते काही चिडून बोललेले नाहीत. उरलेल्या पाच पानांवर हे तूच करून बघ, अर्धा तास लागतो.

आता असं का झालं. तुला वाटतंय पाचव्यात कमी पडलं, पण मला विचारशील तर गडबड चौथ्यातच आहे. आपल्याकडं चौथ्या प्रकरणाला 'विश्लेषण आणि अर्थनिर्वचन' असं जोडनाव द्यायची पद्धत पडलीय, आणि मग प्रत्येक टेबलाखाली एक परिच्छेद येतो ज्यात आकडे शब्दांत सांगितलेले असतात आणि शेवटी घाईघाईनं एक कारणही चिकटवलेलं असतं. तुझ्या टेबल ४.६ खाली आहेच बघ, "यावरून तरुण स्त्रियांमध्ये कन्नडविषयी सकारात्मक दृष्टिकोन असल्याचे दिसते". टेबलात दृष्टिकोन कुठाय? टेबलात फक्त कोण कुठं कुठली भाषा बोलतं एवढंच आहे, दृष्टिकोन तू घातलास. म्हणजे चर्चेचा माल तू आधीच एका ओळीत, पुराव्याशिवाय, खर्च करून टाकलास, मग पाचव्यात लिहायला राहिलं काय, तेच परत. तेव्हा आधी चौथ्यातून ही 'यावरून असे दिसते' टाईपची सगळी शेपटं कापून एका वेगळ्या फाईलमध्ये टाक. चौथ्यात फक्त ते ठेव जे टेबल बघून कुणीही, अगदी तुझा विषय माहीत नसलेला माणूससुद्धा, हो म्हणेल. ती कापलेली शेपटं हाच तुझ्या पाचव्याचा कच्चा माल, फक्त अजून तो न तपासलेला आहे.

दुसरी गोष्ट तू गृहीत धरलीयस, की आधीच्या अभ्यासाशी जोडणं म्हणजे 'हा निष्कर्ष अमुक यांच्या निष्कर्षाशी सुसंगत आहे' असं लिहिणं. चार पानांत हे वाक्य सात वेळा आलंय. सुसंगत आहे, बरं, मग? दोन गावांत सारखा पाऊस पडला म्हणून दोन्हीकडं ढग एकाच दिशेनं आले असं होत नाही. निकाल सारखा असून कारण वेगळं असू शकतं, आणि चर्चेत आपण कारणाबद्दल बोलतो. सगळ्या सात ठिकाणी शिरत नाही, एकच निष्कर्ष घेऊ आणि तो शेवटपर्यंत नेऊ, बाकीचे तुला आपोआप जमतील.

मी घेते टेबल ४.६. कारण तुझ्याकडं असलेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच आहे आणि ती तू सहा ओळींत संपवलीयस. तू बारा प्रसंग घेतलेस, आजीशी, देवापुढं, स्वतःच्या मुलांशी, मैत्रीण किंवा मित्राशी, बाजारात, बसमध्ये, डॉक्टरकडं, बँकेत, तालुक्याच्या ऑफिसात, कामाच्या जागी वगैरे. १८ ते ३५ वयोगटात दहा बायका आणि दहा गडी. बायका बारापैकी सरासरी ५.१ प्रसंगांत कन्नड बोलतात, गडी ३.८. आणि तू लिहिलंस:

"तरुण वयोगटात स्त्रिया सरासरी ५.१ तर पुरुष ३.८ प्रसंगांत कन्नडचा वापर करतात असे आढळून आले. म्हणजेच स्त्रियांमध्ये कन्नडचा वापर अधिक आहे. हा निष्कर्ष गॅल (१९७९) यांच्या निष्कर्षाशी सुसंगत आहे. त्यांनाही तरुण स्त्रियांमध्ये जर्मनचा वापर अधिक असल्याचे आढळले होते. गम्पर्झ आणि विल्सन (१९७१) यांनीही कुपवाड येथे भाषासंपर्काचा असाच परिणाम नोंदवला आहे."

पहिली तीन वाक्यं पिवळी, चौथं हिरवं, पाचवं हिरवं, शिवाय चुकीचं. चुकीचं आधी निस्तरून टाकते. कुपवाड आपल्या शेजारचं, सांगलीजवळ, म्हणून आपल्या भागातल्या प्रत्येक प्रबंधात त्याचा उल्लेख असतोच, पण गम्पर्झ आणि विल्सन यांनी तिथं कोण कुणाशी कुठली भाषा बोलतं याचा हिशोब मांडला नव्हता, त्यांचा मुद्दा व्याकरणाचा होता. जैन शेतकऱ्यांची कन्नड, मुसलमानांची उर्दू आणि तिथली मराठी, शब्द आपापले पण वाक्याची बांधणी इतकी सारखी झालेली की "पाला जरा कापून घेऊन आलो" हे वाक्य शब्दाला शब्द ठेवून तिन्ही भाषांत बदलता येतं. लिंगसुद्धा बदललेलं, नदी 'आली' न म्हणता 'आलं' म्हणायचे, कारण कन्नडमध्ये माणूस सोडून बाकी सगळं नपुंसकात जातं. हे फार सुंदर काम आहे पण तुझ्या ४.६ शी त्याचा काही संबंध नाही. शिवाय कुपवाड महाराष्ट्रात, म्हणजे राज्याची भाषा तिथं मराठी. तुझ्या गावात नेमकं उलटं. कुपवाड वापरायचंच असेल तर तुझ्या फील्ड डायरीत बोलण्याचे जे नमुने उतरवलेत तिथं वापर, आणि मग सोनल कुलकर्णी-जोशींनी चाळीस वर्षांनी त्याच कुपवाडात परत जाऊन केलेलं काम सोडून चालणार नाही, १९७१चं चित्र आजही तसंच आहे असं धरून चाललीस तर व्हायव्हात पहिला प्रश्न तोच येईल. एखादा अभ्यास जोडायच्या आधी स्वतःला विचारायचं, त्यांनी मोजलं काय होतं? विषय सारखा वाटतो म्हणून जोडायचा नाही, मोजलेली गोष्ट सारखी असली तरच.

आता गॅल. हा मात्र तुझ्या हातात आलेला खरा हिरा आहे. सुझन गॅल यांनी १९७०च्या दशकात ऑस्ट्रियाच्या पूर्व टोकाला ओबरवार्ट नावाच्या गावात काम केलं. ते गाव १९२१ पर्यंत हंगेरीत होतं, मग सीमारेषा सरकली आणि गाव ऑस्ट्रियात आलं, माणसं तिथंच, बोलायची हंगेरियन, आणि राज्य जर्मन भाषेचं. १९५६ नंतर बेळगाव-खानापूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला लागतंय होय? पण तुझ्या चार पानांत ही गोष्ट कुठंच नाही! आधीचा अभ्यास आणि तुझं गाव यांच्यात हेच तर खरं साम्य आहे, भाषा तीच राहिली आणि राज्य बदललं, आणि तू ते सोडून फक्त 'स्त्रियांमध्ये अधिक' एवढंच उचललंस.

बरं, गॅल नुसतं 'तरुण बायका जर्मन जास्त बोलतात' म्हणून थांबत नाहीत. त्या कारण सांगतात. हंगेरियन म्हणजे शेतकऱ्याचं आयुष्य, जर्मन म्हणजे नोकरदाराचं, असा त्या गावात अर्थ झाला होता. शेतकऱ्याच्या बायकोचं काम मरणाचं, म्हणून पोरींना शेतकरी नवरा नको, आणि ती नापसंती भाषेतून दिसायची. मग शेतकरी पोरांना गावात बायको मिळेना, त्यांनी बाहेरच्या गावांतल्या, फक्त जर्मन बोलणाऱ्या बायका केल्या, आणि त्यांची मुलं जर्मनच बोलत मोठी झाली. त्यांच्या १९७८च्या लेखाचं नावच, मराठीत सांगायचं तर, 'शेतकरी पुरुषांना बायका मिळत नाहीत' असं आहे. (आपल्याकडंही आज हे वाक्य दर दुसऱ्या घरात ऐकू येतं, पण त्या मोहात पडू नकोस, का ते सांगते.)

इथं थांबून कागदावर एकच प्रश्न लिही. गॅल यांचं कारण माझ्या गावातही लागू असेल, तर माझ्या टेबलात अजून काय काय दिसायला पाहिजे?

या प्रश्नावर मी तुझी सगळी चर्चा उभी करेन. बघ कसं. कन्नड जर तुझ्या गावातल्या पोरींसाठी 'आम्हाला शेतातलं आयुष्य नको' असं सांगायची रीत असेल, तर ती फक्त गरजेपुरती दिसणार नाही. जिथं काही गरज नाही तिथंही दिसेल, मैत्रिणीशी बोलताना, आणि पुढं जाऊन स्वतःच्या लेकरांशी. ओबरवार्टमध्ये तरुण पिढी बरोबरीच्यांशीसुद्धा जर्मनकडं वळली होती आणि जर्मन मुलांपर्यंत पोचली होती. आता तुझं टेबल ४.६ उघड आणि सरासरी विसरून एकेक प्रसंग बघ. मैत्रीण किंवा मित्राशी कन्नड: बायकांत एक, गड्यांत एक. आजीशी, देवापुढं, मुलांशी: दोन्हीकडं शून्य. बसमध्ये, डॉक्टरकडं, बाजारात जवळपास सारखं. फरक आहे तो फक्त तीन जागी. बँकेत आठ आणि चार, तालुक्याच्या ऑफिसात आठ आणि चार, कामाच्या जागी सात आणि दोन. या तिघांचा फरक मिळवलास की तेरा येतात, दहानं भागलंस की १.३, म्हणजे तुझा ५.१ आणि ३.८ मधला सगळाच्या सगळा फरक एवढ्या तीन जागांतून आलाय. सरासरीनं तो लपवला होता. म्हणजे गॅल यांचा निकाल तुझ्याकडं दिसतो पण त्यांच्या कारणाची जी खूण दिसायला पाहिजे ती दिसत नाही.

मग कारण काय? तुझ्याच माहितीत आहे, दुसऱ्या टेबलात. दहा बायकांतल्या सात नोकरी किंवा मानधनावर काम करतात, अंगणवाडी, आशा, एकजण बँकेचं काम बघते वगैरे, आणि ही कामं कन्नडशिवाय चालत नाहीत, रजिस्टर कन्नडमध्ये, ट्रेनिंग कन्नडमध्ये. दहा गड्यांत तसं काम करणारे दोनच, बाकी शेती बघतात नाहीतर गोव्याला जातात, आणि गोव्यात मराठी, कोकणी, हिंदीवर भागतं. आता बँकेचा आकडा फोडून बघ, तुझ्या मूळ शीटमधून मी हातानंच मोजला. नोकरीवाल्या सातही बायका बँकेत कन्नड बोलतात, नोकरी नसलेल्या तिघींत एकच. नोकरीवाले दोन्ही गडी बोलतात, बाकी आठांत दोघंच. म्हणजे बाई की गडी हा प्रश्नच नाही बहुतेक, तुझ्या गावात इथल्या नोकऱ्या बायकांच्या वाट्याला जास्त आल्यात म्हणून तो बाई-गडी असा दिसतोय. गॅल यांनीसुद्धा नुसतं स्त्री-पुरुष असं मोजलं नव्हतं, माणसाची ऊठबस शेतकऱ्यांत किती आहे हेही मोजलं होतं, तेव्हा तू हे फोडून दाखवलंस तर तू त्यांच्याच पद्धतीनं त्यांच्याशी बोलतेयस असं होतं, नुसतं नाव घेतलं असं होत नाही.

हे सगळं लिहिल्यावर परिच्छेद कसा होईल, एक नमुना देते, प्रबंधाच्या भाषेत. जसाच्या तसा घेऊ नकोस, तुझ्या शब्दांत लिही:

"तरुण स्त्रियांचा कन्नड वापर पुरुषांपेक्षा अधिक असला (तक्ता ४.६), तरी तो भाषापालटाच्या वाटेवरचा टप्पा मानता येईल असे या सामग्रीवरून वाटत नाही. राज्याची सीमा बदलल्यानंतर अल्पसंख्य झालेल्या भाषकांत तरुण स्त्रिया राज्यभाषेकडे आधी वळतात, हे गॅल (१९७९) यांनी ओबरवार्टमध्ये दाखवले आणि त्याचे कारण शेतकरी जीवनाविषयीच्या नापसंतीत शोधले. तसे येथे असते तर समवयस्कांशी आणि मुलांशी बोलतानाही हा फरक दिसला असता. प्रत्यक्षात तो बँक, शासकीय कार्यालय आणि कामाची जागा या तीन प्रसंगांपुरताच आहे आणि नोकरी असलेल्या स्त्री-पुरुषांत तो जवळजवळ नाहीसा होतो (तक्ता ४.९). त्यामुळे येथे स्त्रियांची कन्नड ही नोकरीच्या स्वरूपातून आलेली दिसते."

यात आकडा एकही नाही बघ. चौथ्याची आठवण कंसातल्या तक्त्याच्या नंबरापुरती. तुझ्या आधीच्या परिच्छेदात वाक्याचा कर्ता 'निष्कर्ष' होता, निष्कर्ष सुसंगत आहे, निष्कर्ष आढळला. इथं कर्ता बायकांची कन्नड आहे, फरक आहे. वाक्यं माणसांबद्दल बोलायला लागली की पुनरावृत्ती करायला जागाच राहत नाही. आणि 'लँग्वेज शिफ्ट'साठी मी 'भाषापालट' हा शब्द ठेवलाय, तू काय वापरतेयस ते बघून बदल, फक्त 'भाषांतर' नको, कारण वाचणारा अनुवाद समजेल.

पण इथंच खूश होऊन थांबू नकोस. आता आपल्याच कारणावर शंका घ्यायची पाळी. ४.६ मधले आकडे आले कुठून? तू विचारलंस, त्यांनी सांगितलं. ऐकून नाही मोजलेस. १९७२ मध्ये ट्रडगिल यांनी इंग्लंडात नॉरिच शहरात दाखवलं होतं की लोक स्वतः कसं बोलतात हे विचारलं की बायका जास्त प्रतिष्ठित रूप वापरतो असं सांगतात, खऱ्यापेक्षा जास्त, आणि पुरुष उलट, खऱ्यापेक्षा गावठी बोलतो असं सांगतात, कारण त्या बोलण्याला त्यांच्यात एक आतली किंमत असते. आता हे खानापूर तालुक्यात आणून बघ. सीमाप्रश्न चौकात, मंडळात, निवडणुकीत चालतो, आणि तिथं उभे असतात ते बहुतेक गडी. अशा माणसाला एका मराठी पोरीनं, मराठीतल्या फॉर्मवर, 'दादा, बँकेत कुठली भाषा बोलता' असं विचारलं तर तो 'मराठीच की' म्हणणार. खोटं बोलतोय असं नाही, त्याला कसं दिसायचंय ते तो सांगतोय. म्हणजे तुझ्या फरकातला काही भाग गड्यांनी कमी सांगण्यातून आलेला असू शकतो. हे तू लिहायलाच पाहिजेस, आणि 'मर्यादा' म्हणून शेवटच्या पानावर एका ओळीत गाडून नाही, याच परिच्छेदाच्या पाठीला लागून लिही, कारण ही मर्यादा याच निष्कर्षाची आहे.

आणि तुझ्याकडं याला थोडंफार उत्तरही आहे. फील्ड डायरीत तू तालुक्याच्या बँकेत दोन सकाळी बसून जे ऐकलंस ते लिहिलंयस, त्यात शेतकरी गडी काऊंटरवर कन्नडमध्ये सुरू करतात आणि अडलं की मराठीत येतात असं तीनदा आलंय. ही सोन्यासारखी नोंद तू चर्चेत एकदाही वापरली नाहीस, का तर ती 'टेबलात बसत नाही' म्हणून असेल. टेबलात नको बसू दे. पण ती सांगते की गड्यांचा बँकेतला 'चार' बहुतेक कमी आहे. मग प्रामाणिकपणे लिही की बँकेच्या बाबतीत फरक दिसतो तेवढा नसेल, कामाच्या जागेचा मात्र टिकतो, कारण तिथं गडी कुठं काम करतो हे तू स्वतः बघितलंयस.

आकड्यांबद्दल अजून एक, थोडक्यात. दहातले आठ आणि दहातले चार हा फरक डोळ्याला मोठा दिसतो पण एवढ्या कमी माणसांत तो चाचणीत टिकत नाही, तेव्हा 'सिद्ध होते' हा शब्द पूर्ण प्रबंधातून काढून टाक, सर्च मारून काढ. 'दिसते', 'असे वाटते', 'याकडे बोट दाखवते'. तू एका गावाबद्दल बोलतेयस, सीमाभागाबद्दल नाही. निपाणीकडचं गाव वेगळं निघेल, तिथं गोवा नाही, कोल्हापूर आहे.

माझ्या स्वतःच्या प्रबंधात मी नेमकं उलटं केलं होतं. जे अभ्यास माझ्याशी जुळत नव्हते ते मी चर्चेतून गाळून टाकले, वाटलं कोण बघतंय. व्हायव्हाला परीक्षकांनी त्यातलाच एक विचारला आणि मला घाम फुटला. तेव्हा जुळत नाही तो अभ्यास आधी घे, तिथंच लिहायला जास्त मिळतं. गॅल तुझ्याशी अर्ध्या जुळतात, म्हणूनच त्यांच्यावर दीड पान होतंय. पूर्ण जुळणाऱ्यांवर तुला एका वाक्यापेक्षा जास्त सुचणारच नाही, आणि तेवढंच पुरे असतं.

क्रमाचं पण सांगते, कारण तुझं पाचवं प्रकरण ४.१, ४.२, ४.३ असं टेबलांच्या रांगेनं चाललंय. तशी रांग लावली की हात आपोआप टेबल वाचायला लागतो. तुझ्याकडं सांगण्यासारख्या गोष्टी तीन आहेत: घरात मराठी तिन्ही पिढ्यांत टिकलीय, बाहेरची कन्नड वयानं नाही तर कामानं ठरते, आणि लोक सांगतात ते आणि करतात ते यात अंतर आहे. ही तीन उपशीर्षकं कर, आणि कुठलं टेबल कुठं लागतंय ते बघ, काही टेबलं दोनदा लागतील, काही एकदाही नाही, चालतंय. उद्दिष्ट क्रमांक एक पूर्ण झाले, गृहीतक क्रमांक दोन स्वीकारले, हे तुमच्या युनिव्हर्सिटीच्या फॉर्मॅटला लागतच असेल तर ते सहाव्यात, उपसंहारात टाक.

आता मी वर एक लबाडी केलीय ती सांगायला पाहिजे. नमुन्याच्या परिच्छेदात मी 'तक्ता ४.९' लिहिलं. तुझ्या चौथ्यात ४.९ नाहीच. नोकरी असलेले आणि नसलेले असं फोडून मी ते हातानं मोजलं. चर्चेत नवा आकडा पहिल्यांदा यायला नको, वाचणारा म्हणतो हे कुठनं आलं. म्हणून आधी चौथ्यात परत जाऊन हे टेबल लाव, त्याखाली दोन ओळी, फक्त काय दिसतं ते, शेपूट न लावता, आणि मगच पाचव्यात त्याचा नंबर दे. चर्चा लिहिताना असं दोन-तीनदा मागं जावं लागतंच, त्याला चूक समजू नकोस.

आणि एक गोष्ट तुझ्या टेबलात नाही आणि मला ती फार खुपतेय. मुलांशी सगळे मराठीतच बोलतात असं तुझं टेबल सांगतं, आणि त्यावरच आपण म्हणतोय की ओबरवार्टसारखं इथं झालेलं नाही. पण ती मुलं शाळेत कुठल्या माध्यमात आहेत, मराठी, कन्नड की इंग्रजी, हे तू विचारलंच नाहीस. नोकरीवाल्या सात जणींतल्या ज्यांना लेकरं आहेत त्यांनी ती कन्नड शाळेत घातली असतील तर आपला सगळा युक्तिवाद हलतो, आणि मराठी शाळेत असतील तर तो दुप्पट भक्कम होतो. वीसच घरं आहेत, बहुतेकांचे नंबर तुझ्याकडं असतील, नाहीतर एक रविवार जाऊन ये. गाईडांना आधी सांग, तिसऱ्या प्रकरणात 'नंतर फोनवर घेतलेली पूरक माहिती' असं तारखेसकट नोंदव, मग चौथ्यात टेबल ४.१०. आणि विचारताना 'माध्यम कुठलं' असं विचारू नकोस, त्याला सीमाप्रश्नाचा वास येतो आणि उत्तर सावरून मिळतं. 'पोरगं कुठल्या शाळेत जातंय' एवढंच विचार.